दोरीच्या कागदी बॅगेचा मॉकअप: छपाई सुरकुत्यांत बसवायची कशी

प्रश्न: कोरी क्राफ्ट बॅग घरीच शूट केली आणि फोटोशॉपमध्ये क्लायंटचा लोगो Multiply करून टाकला. Displace पण लावून पाहिलं. तरी लोगो वरून चिकटवलेल्या स्टिकरसारखा दिसतो, आणि दोरीच्या खाली तर अक्षरं विचित्र वाकतात. सुरकुत्या खऱ्या वाटाव्यात म्हणून नेमकं काय करायचं?

उत्तर:

दोरीखालची अक्षरं वाकतात त्याचं कारण बहुतेक तुमच्या डिस्प्लेसमेंट मॅपमध्ये दोरीची सावली शिरली आहे हे असणार. त्यावर पुढे येतेच. पण सुरुवात फोटोपासून करू, कारण माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मॉकअपमध्ये अर्धी गडबड फोटोशॉप उघडण्याआधीच झालेली असते.

रिकाम्या बॅगेला खऱ्या सुरकुत्या पडत नाहीत. लोक कोरी बॅग हातात घेतात, थोडी चुरगळतात, पुन्हा उभी करतात आणि फोटो काढतात. त्या चुरगळ्या सगळीकडे सारख्या पसरतात, म्हणून खोट्या वाटतात. वापरलेल्या बॅगेत सुरकुतीला काहीतरी कारण असतं. आत वजन असलं की दोरी कागदाला वर ओढते, आणि आयलेटच्या भोकापासून तिरक्या, पंख्यासारख्या बारीक रेषा खाली उतरतात. आतल्या खोक्याचा कोपरा समोरच्या बाजूला टेकतो तिथे एक बोथट फुगवटा येतो. बाजूच्या घड्या मधोमध आत ओढल्या जातात. मी सरळ आत साडीचं खोकं किंवा दोनेक किलोची पुस्तकं टाकते आणि बॅग एक दिवस वापरते. संध्याकाळच्या गर्दीत दादरहून ठाण्यापर्यंत लोकलने नेलेली बॅग जे सांगते ते स्टुडिओत बसून करता येत नाही. फक्त नेताना छातीशी धरा, दोरी खांद्याला अडकवू नका, नाहीतर आयलेट फाटतं.

पावसाळ्यात एक गोष्ट सांभाळा. मुंबईच्या जुलैत क्राफ्ट कागद हवेतली ओल ओढून मऊ पडतो. सुरकुतीची धार बोथट होते आणि मोठी बाजू लाटेसारखी हलकी फुगते. फोटोच्या आदल्या रात्री बॅग एसीच्या खोलीत ठेवली की कागद परत कडक होतो.

प्रकाश एकाच बाजूने, खिडकीचा, आणि कागदाच्या पातळीला जवळजवळ घासून जाणारा हवा. समोरून फ्लॅश मारला की सुरकुती नाहीशी होते. कॅमेरा किंवा फोन दोन मीटर मागे नेऊन झूम करा, आणि लेन्स बॅगेच्या मध्याच्या उंचीवर ठेवा, म्हणजे उभ्या कडा उभ्याच राहतील. ट्रायपॉड लागेलच, कारण दोन फोटो हवेत: एक दोरी पुढे नैसर्गिक पडलेली, आणि दुसरा दोरी अलगद मागे टाकून. दोरी हलवताना आयलेटजवळचा कागद एक-दोन मिलिमीटर हलतो. चालेल.

हा दुसरा फोटोच तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. Displace हा फिल्टर मॅपमधल्या करड्या रंगावर चालतो. १२८ म्हणजे मधला करडा, तिथे काही हलत नाही. त्याहून उजळ भाग चित्राला एका दिशेला ढकलतो, काळपट भाग उलट दिशेला. फिल्टरला सुरकुती आणि सावली यांतला फरक कळत नाही. दोरी आणि तिची सावली हा फोटोतला सगळ्यात काळा पट्टा असतो, त्यामुळे फिल्टर तिथे दरी आहे असं समजून अक्षरं खेचतो. म्हणून मॅप दोरी नसलेल्या फोटोवरून बनवायचा. तो फोटो काढला नसेल तर हीलिंग ब्रशने दोरी आणि सावली पूर्ण पुसून मगच मॅप करा.

आता मॅप. बहुतेक ठिकाणी सांगतात की फोटो ग्रेस्केल करा, थोडा ब्लर करा, सेव्ह करा. त्यात दोन घोटाळे होतात. पहिला असा की खिडकी डावीकडे असेल तर बॅगेची डावी बाजू सगळीच उजळ असते, म्हणजे एकही सुरकुती नसताना लोगोचा डावा भाग एकीकडे आणि उजवा दुसरीकडे सरकतो. दुसरा क्राफ्टच्या तंतूंचा: ते बारीक ठिपके मॅपमध्ये राहिले की अक्षरांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या होतात.

पहिल्यावर उपाय High Pass. हा फिल्टर मोठ्या भागाचा चढउतार काढून टाकतो आणि सपाट जागा आपोआप १२८ च्या आसपास आणतो, म्हणजे Displace ला हवी तीच पातळी. दुसऱ्यावर उपाय त्यानंतरचा Gaussian Blur. क्रम हाच ठेवायचा, High Pass आधी आणि ब्लर नंतर. उलट केलंत तर High Pass मध्ये तंतू फारसे उरणार नाहीत हे खरं, पण त्रिज्या ठरवताना सुरकुतीची धार कुठे संपते ते डोळ्याला दिसत नाही. मॅप PSD म्हणूनच सेव्ह करावा लागतो, दुसरा फॉरमॅट फिल्टर घेत नाही.

एक काम आकड्यांसकट सांगते. दादरच्या एका साडीच्या दुकानासाठी बॅग होती, रुंदी २५० मिमी, उंची ३३० आणि खोली १००. कागद १५० जीएसएमचा तपकिरी क्राफ्ट, पांढरी सुती दोरी, छपाई एकाच मरून रंगात. मधोमध १२० मिमी रुंद लोगो आणि खालच्या ६० मिमीत साडीच्या काठासारखी नक्षी. फोटोत समोरची बाजू २५०० पिक्सेल रुंद बसली, म्हणजे १ मिलिमीटरला १० पिक्सेल. हे गुणोत्तर आधी काढाच, पुढचं सगळं त्यावरून ठरतं.

सगळ्यात खोल सुरकुती साधारण ३ मिमी आत गेली होती. बॅग किंचित तिरकी ठेवली होती, त्या कोनातून छपाई जास्तीत जास्त १ मिमी सरकलेली दिसायला हवी होती, म्हणजे १० पिक्सेल. Displace मध्ये स्केल १०० ठेवलं तर जास्तीत जास्त सरक १२८ पिक्सेल होते. म्हणून १० पिक्सेलसाठी ८ पुरतं. फिल्टर उघडल्यावर दोन्ही खान्यांत १० असतं, आणि लोक ते वाढवून ३० करतात, मग लोगो पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. मी उभा ८ आणि आडवा ५ ठेवला, कारण आमच्या सुरकुत्या जास्त आडव्या-तिरक्या होत्या. मॅपसाठी High Pass ची त्रिज्या ६० पिक्सेल आणि ब्लर ६. तुमचा फोटो याच्या निम्म्या मापाचा असेल तर हे पिक्सेलही निम्मे करा.

फिल्टर स्मार्ट ऑब्जेक्टवरच लावा, म्हणजे आकडे नंतर बदलता येतात. आणि Embed File Data in Smart Object ला टिक करायला विसरू नका, नाहीतर क्लायंटच्या मशीनवर मॅपची फाइल सापडत नाही. सुरकुती उलटी वाटली, म्हणजे जिथे रेष खाली जायला हवी तिथे वर गेली, तर त्या खान्यात उणे चिन्ह टाका.

मॅप जागेवर बसला की नाही हे लोगो टाकून कळत नाही. त्यासाठी स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये आधी बारीक आडव्या-उभ्या रेघांची चौकट टाका, वहीच्या पानासारखी. रेघ जिथे वाकते तिथेच फोटोत सुरकुती हवी. थोडं अंतर सोडून वाकत असेल तर मॅप सरकला आहे. स्मार्ट ऑब्जेक्टचा आकार कॅनव्हासपेक्षा लहान असला की हे होतं, कारण फिल्टर मॅपला त्या लहान चौकटीत बसवतो. मी मॅपचा फोटो त्याच चौकटीच्या मापाला कापून पुन्हा सेव्ह करते. ही पाच मिनिटांची तपासणी न केल्याने मी एकदा अख्खी रात्र ब्रशने कडा दुरुस्त करण्यात घालवली आहे.

इतकं करूनही स्टिकर वाटत असेल तर दोष वाकण्यात नाही, प्रकाशात आहे. खरं सांगायचं तर क्लायंट वॉट्सअ‍ॅपवर बघतो, तिथे १० पिक्सेलची सरक कुणालाही दिसत नाही, पण प्रकाश चुकला तर लगेच जाणवतं.

Multiply चुकत नाही, ते अपुरं पडतं. माझ्या फोटोत उजेडातला क्राफ्ट लाल वाहिनीत १९० होता आणि सुरकुतीच्या सावलीत १३०. म्हणजे कोऱ्या कागदावर फरक ६० चा. मरूनची लाल किंमत १२२. गुणाकार करून २५५ ने भागलं की उजेडात ९१ येतं आणि सावलीत ६२, फरक २९. हिरव्या वाहिनीत तर मरून ३१ च असतो, तिथे फरक ६ वर येतो. प्रमाण बरोबर राहतं, पण सुरकुती डोळ्याला जवळजवळ मेलेली असते. खऱ्या छापील बॅगेत ती दिसते, कारण शाईच्या थराला स्वतःची हलकी चकाकी असते आणि सुरकुतीच्या धारेवर ती उजळते. Multiply मध्ये उजळणं नाहीच.

म्हणून छपाईच्या वर एक उजेडाचा लेअर द्यायचा. दोरी मागे टाकलेल्या फोटोची प्रत घ्या, रंग काढून टाका, Levels ने काळा टोक इतका आत ओढा की फक्त धारांच्या उजळ रेषा उरतील. हा लेअर छपाईवर क्लिप करून Screen मध्ये ठेवा. मॅट क्राफ्टवर अपारदर्शकता १०-१५ टक्क्यांच्या वर नेऊ नका, तिथे शाई कागदात मुरते आणि चमकत नाही. लॅमिनेशन केलेल्या आर्ट पेपरच्या बॅगेला ३०-३५ पर्यंत चालतं, तिथे सुरकुतीची धार खरंच चकाकते. तुमचा मॉकअप क्राफ्टचा असूनही प्लास्टिकसारखा वाटत असेल तर बहुधा हाच आकडा जास्त झाला आहे.

काळ्या लोगोबद्दल वेगळं सांगते. पूर्ण काळा, म्हणजे तिन्ही वाहिन्या शून्य, Multiply मध्ये कशाशीही गुणला तरी शून्यच राहतो. सुरकुती त्यातून जाऊच शकत नाही, लोगोच्या जागी भोक पडल्यासारखं दिसतं. स्मार्ट ऑब्जेक्टमधला काळा ४० च्या आसपास वर उचला. क्राफ्टवर छापलेला काळा प्रत्यक्षातही तितकाच करडा असतो.

पांढरा लोगो असेल तर Multiply मध्ये तो गायबच होतो. तिथे Normal घ्या, पण अपारदर्शकता ८५-९० ठेवा आणि वर फोटोच्या सावल्यांचा वेगळा Multiply लेअर द्या. आणि क्लायंटला त्याच वेळी सांगा की हा पांढरा स्क्रीन प्रिंटिंगच्या पांढऱ्या शाईचाच आहे, साध्या चार रंगांच्या ऑफसेटमध्ये पांढरं म्हणजे फक्त न छापलेली जागा, आणि क्राफ्टवर न छापलेली जागा तपकिरी असते.

हे न सांगितल्याचा फटका मला बसला आहे. अनेक वर्षांपूर्वी एका मसाल्याच्या ब्रँडसाठी हळदीचा पिवळा लोगो मी तपकिरी बॅगेवर Normal मध्ये टाकला. स्क्रीनवर इतका सुंदर दिसला की क्लायंटने लगेच होकार दिला. छापून बॅगा आल्या त्या शेवाळलेल्या मोहरीच्या रंगाच्या. प्रेसची चूक नव्हती, पिवळी शाई पारदर्शक असते आणि खालचा तपकिरी तिच्यातून वर येणारच. हजार बॅगांचा निम्मा खर्च मी सोसला. तेव्हापासून पांढरा लोगो सोडला तर क्राफ्टचा मॉकअप मी Multiply शिवाय पाठवत नाही, क्लायंटला फिका वाटला तरी.

आता घडी. सुरकुती आणि घडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि Displace ला फक्त पहिली जमते. बॅग कारखान्यातून सपाट येते, तेव्हा तळ दुमडून एका मोठ्या बाजूवर टेकवलेला असतो. त्यामुळे त्या बाजूवर तळापासून साधारण खोलीच्या निम्म्या उंचीवर एक सरळ आडवी घडी पडते. आमची बॅग १०० मिमी खोल, म्हणून घडी ५० मिमीच्या आसपास. बॅग उघडली तरी ती रेष जात नाही, आणि तिच्या खालचा भाग किंचित वेगळ्या कोनात राहतो. दुसऱ्या मोठ्या बाजूवर ही घडी नसते किंवा अगदी पुसट असते. एखादी बॅग हातात घेऊन फिरवून पाहा, लगेच कळेल.

ब्लर केलेल्या मॅपने ही धारदार घडी होत नाही, छपाई तिथे गोलाकार वळते. मी स्मार्ट ऑब्जेक्टला Edit > Transform > Warp लावते, Split Warp Horizontally ने घडीच्या रेषेवरच आडवा काप देते आणि खालचा भाग ५-६ पिक्सेल आत ढकलते. काप फोटोतल्या घडीशी अगदी जुळला पाहिजे, त्यासाठी २०० टक्के झूम करून बघा. हा Warp स्मार्ट ऑब्जेक्टच्या आकारात जातो आणि Displace त्याच्यावर चढतो, दोन्ही एकत्र नांदतात.

घडीवर गडद छपाई आली की शाई तडकते. पूर्ण रेष नाही, तुटक. लेअर मास्कवर २ पिक्सेलच्या कडक ब्रशने घडीच्या बाजूने तुकड्यातुकड्यात काळं मारा, मधे मधे जागा सोडा. खालचा क्राफ्ट तपकिरी डोकावतो आणि खालचा अर्धा बॅगेचा भाग एकदम खरा होतो. पांढऱ्या आर्ट पेपरच्या बॅगेत हीच तडक पांढरी दिसते, आणि बरीच जास्त खुपते.

दोरीचं थोडक्यात. छपाई Multiply मध्ये असेल तर दोरीची सावली खालच्या फोटोतून आपोआप वर येते, वेगळी रंगवू नका. लोक बॅग कापून वेगळी काढतात आणि मग सावली हाताने करतात, तिथेच फसतात. तुम्हाला फक्त दोरी छपाईच्या वर आणायची आहे. दोरी पुढे पडलेल्या फोटोवरून पेन टूलने दोरीचा पाथ काढा, १ पिक्सेल फेदर द्या आणि तो भाग छपाईच्या मास्कमधून वगळा. सुती दोरीची कड तंतूंची असते, म्हणून पाथच्या कडेला मऊ ब्रशने तीन-चार ठिकाणी मास्क किंचित विस्कटा. छपाई दोरीखाली जातच नसेल तर एवढंही नको.

दोरी पांढरीच शूट करा. पांढऱ्या दोरीवर Multiply ने कुठलाही रंग चढतो आणि तिचा पीळ दिसत राहतो. काळी दोरी शूट केली तर तिला पुढे पांढरी करता येत नाही. आणि सुती दोरी मऊ असल्याने तिचा फास खाली लोंबतो, नायलॉनची दोरी ताठ कमान करून उभी राहते. क्लायंट कुठली दोरी लावणार हे आधी विचारा, कारण एकीचा फोटो दुसरीच्या जागी चालत नाही.

साडीच्या दुकानाचं काम दोन बाजूंचे दोन मॉकअप म्हणून गेलं. घडी नसलेल्या बाजूचा मॉकअप मालकांना आवडला. घडीच्या बाजूचा पाहून त्यांच्या वहिनींनी विचारलं, "काठात ही चीर का दिसते?" तो मॉकअपचा दोष नव्हता, ६० मिमीचा काठ ५० मिमीवरच्या घडीवर बसत होता, आणि छापल्यावरही तसंच दिसलं असतं. मग काठ ४५ मिमीचा केला आणि तळापासून ५८ मिमीवर, घडीच्या वर, उचलला. स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये बदल करून नवा मॉकअप पाठवायला दहा मिनिटं लागली, Warp आणि मॅपला हात लावावा लागला नाही. तडकीचा मास्क मात्र पुसला, घडीवर आता शाईच नव्हती.